क्रीडा गुण मिळाले, म्हणजे कोटाही मिळाला?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. खो-खोत शालेय विभागीय स्पर्धा खेळली. खासगी स्पर्धांची पदकंही आहेत. दहावीचे क्रीडा गुण मिळाले की अकरावीला खेळाडू कोटा आपोआप लागू होतो ना?
— एक आई, नागपूर

उत्तर : नाही, ताई. क्रीडा गुणांचा प्रस्ताव शाळा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मंडळाकडे पाठवते. कोट्यासाठी मात्र अकरावीच्या अर्जात वेगळी नोंद करून प्रमाणपत्र द्यावं लागतं. तिथे पदकापेक्षा स्पर्धा कोणी घेतली आणि कोणत्या स्तरावर, हे पाहतात. म्हणून शालेय स्पर्धेचं प्रमाणपत्र पुढे ठेवा, खासगी पदकांवर विसंबू नका. विभागीय स्तर चालतो का, हे यंदाच्या माहितीपुस्तिकेत आधी पाहा. प्रमाणपत्रावरचं नाव, जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळवा. चूक असल्यास आताच शाळेमार्फत दुरुस्त करून घ्या. मूळ प्रत पडताळणीसाठी जपा, अर्जात तिची स्कॅन केलेली प्रत द्या.