ध्येयवाक्यातली माणसं

चि. समीर,

स्वयंसेवी संस्था काय करते आणि कुणासाठी करते, हे सांगणारं वाक्य म्हणजे तिचं ध्येयवाक्य. तुझ्या संस्थेच्या नव्या पत्रकावर आणि फलकावर ते असं आलं आहे : ‘समाजातील वंचित व तळागाळातील घटकांचे सर्वसमावेशक व नावीन्यपूर्ण उपक्रमांद्वारे सक्षमीकरण करून त्यांचा शाश्वत, सर्वांगीण विकास साधणे.’ ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह चालवणारी ही संस्था आहे, याचा यात मागमूस नाही. धारूरकडच्या एका आजीनं फलक पाहून ‘इथं बायकांचं ट्रेनिंग असतंय’ असं समजून नातवाला आईबापांबरोबर फडावर धाडलं, असं कानावर आलं आहे. ऐकीव गोष्ट खोटीही असेल. पण तो फलक वाचून कुणाचीही तशी समजूत होऊ शकते, ही काळजी खरी.

असे शब्द येतात बहुधा निधीच्या अर्जांतून. देणगीदार कंपनीच्या फॉर्मवर ‘सक्षमीकरण’, ‘शाश्वत’ असे रकाने असतात. ते भरता भरता अर्जाची भाषा संस्थेच्या तोंडी बसते. अर्जात ती राहू द्यावी, तिथं तिचं काम आहे. दुसरी वाट नोंदणीची. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले उद्देश मुद्दाम ऐसपैस लिहिलेले असतात, म्हणजे पुढं काम वाढलं तर अडचण नको. ते बदलणं सोपं नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यात त्यासाठी महिन्याच्या अंतरानं दोन विशेष सभा आणि दोन्हींत तीन पंचमांश मतं लागतात. ध्येयवाक्याला यातलं काही लागत नाही. ते नोंदलेल्या उद्देशांच्या आत बसलं, की कार्यकारिणीचा साधा ठराव पुरतो. म्हणजे घटनेला हात न लावता फलक बदलता येतो.

दुरुस्ती करताना एकेक शब्द उचलून त्याचं उलट म्हणून पाहावं. आपण अशाश्वत विकास करतो, असं कोणती संस्था म्हणेल? कुणीच नाही. म्हणजे ‘शाश्वत’नं काही सांगितलं नाही, तो काढावा. ‘सर्वसमावेशक’ आणि ‘नावीन्यपूर्ण’ही त्याच वाटेनं जातात. ‘वंचित घटक’ काढायचा नाही, त्याच्या जागी माणसं आणायची : दिवाळीच्या सुमाराला कारखान्याकडे निघणाऱ्या कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड जोडप्यांची, मुलं. ‘सक्षमीकरण’ हा शब्द चिवट. तिथं हातानं होणारं काम विचारावं. संस्था सकाळी उठून काय करते? जेवण रांधते, मुलांना झोपायला जागा देते, शाळेत धाडते, संध्याकाळी अभ्यासाला बसवते. हीच क्रियापदं वाक्यात यावीत.

मग वाक्य असं होतं : ‘ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांच्या मुलांची शाळा सुटू नये, म्हणून धारूर तालुक्यात हंगामभर त्यांना गावातच ठेवून त्यांच्या राहण्याजेवणाची आणि अभ्यासाची सोय करणे.’

यात गावांचा आकडा नाही, कारण तो दरवर्षी बदलतो. त्याची जागा वार्षिक अहवालात. ‘स्थलांतर थांबवणे’ हेही नाही. कार्यकर्त्यांना ते घालण्याचा मोह होईल, पण मुकादमाची उचल फेडायची असलेलं जोडपं वसतिगृहामुळे थांबत नाही. जे संस्थेच्या हातात नाही, ते तिच्या वाक्यात नको. देणगीदाराच्या आग्रहानं सुरू झालेला शिवणवर्गही बाहेरच राहील. यावर बैठकीत वाद होईल आणि तो व्हावा. वर्ग संपला तरी संस्था उरते का, याचं उत्तर त्या वादात मिळतं.

‘प्रथम’ या संस्थेचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मूल शाळेत असावं आणि नीट शिकावं, एवढंच तिचं म्हणणं. ‘नीट शिकावं’ असं म्हटलं की शिकलं का ते तपासावं लागतं. तिच्या ‘असर’ पाहणीत २००५ पासून मुलांना घरी जाऊन मजकूर वाचायला देतात. ‘सर्वांगीण विकास’ असा तपासता येत नाही. वसतिगृहाचं नवं वाक्य तपासता येतं : पाडव्यापर्यंत किती मुलं टिकली आणि किती मध्येच फडावर गेली, हे हजेरीपटावरून कळतं.

शेवटची तपासणी कागदावर होत नाही. वाक्य नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला एकदाच वाचून दाखवावं आणि ‘इथं काय होतं?’ असं विचारावं. तिनं ‘पोरं ठेवून घेतात, शाळेत धाडतात’ असं सांगितलं, तर वाक्य झालं. मान नुसती हलवली, तर पुन्हा बसावं. फलक पुढच्या दसऱ्याआधी रंगवून व्हावा. मुकादम गावात फिरू लागल्यावर उपयोग नाही.

जुनं वाक्य लिहिणाऱ्याची यात नाचक्की नाही. रात्री तापलेल्या पोराच्या उशाशी बसणाऱ्याला सकाळी अर्ज भरताना सापडतील ते शब्द वापरावे लागतात, हे काकालाही कळतं. मसुदा कच्चा असला तरी पाठवावा. थंडी सुरू होते आहे. दोन घोंगड्या एस.टी.नं पाठवल्या आहेत, त्यातली एक मुलांना न देता स्वतः पांघरावी.

तुझा काका