कॅबिनेटमधली खरखर

प्रश्न : डेस्कटॉप सुरू केला की खरखर येते. हार्ड डिस्क जाणार का? पंख्यात खोबरेल सोडू का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : घाबरू नका, बहुधा पंख्याचं बेअरिंग कोरडं पडलंय. आधी झाकण काढून एखादी वायर पात्यांना घासते का पाहा. नसेल, तर मशीन चालू ठेवून कॅबिनेटच्या एकेका पंख्याच्या मधल्या चकतीवर पेन्सिलीचं रबर दोन सेकंद टेकवा. आवाज थांबला, की दोषी सापडला. पॉवर सप्लाय मात्र उघडू नका.

खोबरेल नकोच, सिन्नरच्या थंडीत ते गोठतं!

प्लग काढून पंखा सोडवा, मागचं स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका. हा तात्पुरता इलाज. पाती डगमगत असतील किंवा बेअरिंग बंदिस्त असेल, तर नवा पंखा घ्या. स्क्रूच्या शेजारच्या भोकांमधलं अंतर १०५ मिमी भरलं, तर १२० मिमीचा मागा.