झाड गाडीवर पडलं, की आधी फोटो, मग कुऱ्हाड

मे महिन्यातल्या एका वादळात आमच्या भंडाऱ्यातल्या सोसायटीचा गुलमोहर मुळासकट उपटला आणि आवारातल्या तीन गाड्यांवर आडवा झाला. सगळे फांद्या छाटायला धावले. शेजारच्या काकांनी मात्र अडवलं, "थांबा भाऊ, आधी वरची तार पाहा."

तार फांदीत अडकली असेल, तर झाडाला आणि गाडीला हात लावू नये. महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवून वीज बंद झाल्याची खात्री करावी. मग गाडीची नंबर प्लेट आणि झाड एकाच चौकटीत येईल असे फोटो काढावेत आणि झाड हलवण्याआधी विमा कंपनीला कळवावं. गाडी गॅरेजला नेऊन काम सुरू केलं, तर सर्वेअरला पाहायला काही उरत नाही. दबलेल्या बॉनेटची गाडी चालूही करू नये. रेडिएटर फुटलेला असेल तर इंजिन तापून नवं नुकसान होतं, आणि ते दाव्यात बसवणं अवघड जातं.

एकाच झाडाखालच्या तिन्ही गाड्यांना वेगवेगळा निकाल मिळाला. पहिलीचा फक्त थर्ड पार्टी विमा होता, तिला काहीच मिळालं नाही. वादळाचं नुकसान 'ओन डॅमेज' भागातच भरून मिळतं. दुसरीचा तो भाग होता, पण घसारा कापला गेला. हिशेब असा मांडून पाहा: चार ते पाच वर्षं जुन्या गाडीच्या काचेचे ६,००० रुपये पूर्ण मिळतात, प्लॅस्टिकच्या बंपरच्या १०,००० मधले निम्मे, आणि पत्र्याच्या २०,००० मधून ३५ टक्के वजा होऊन १३,०००. एकूण २४,००० झाले. त्यातून छोट्या गाडीची सक्तीची १,००० रुपयांची वजावट गेली, की हाती २३,००० येतात. उरलेले १३,००० खिशातून. तिसरीचा झिरो डेप विमा होता, तिचा बहुतेक खर्च निघाला. दावा केल्यावर नो क्लेम बोनस जातो, म्हणून नुकसान किरकोळ असेल तर आधी दोन्ही आकडे ताडून पाहावेत.

पहिल्या गाडीच्या मालकांनी सोसायटीकडे भरपाई मागितली. वादळाने निरोगी झाड पडलं, तर सोसायटीला दोषी ठरवणं कठीण. धोका आधीच लेखी कळवलेला असूनही समिती गप्प बसली असेल, तर मात्र निष्काळजीपणाचा मुद्दा उभा राहतो. आमच्याकडे तसं पत्र कुणीच दिलं नव्हतं.

म्हणून पावसाळ्याआधी बुंधा पाहा. एका बाजूला माती उचकटून भेगा पडल्या आहेत का, खोड नव्यानं कललंय का, बुडाशी अळंब्या उगवल्यात का? पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटवले असतील तर काढा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. झाड तोडायचंच असेल तर १९७५ च्या कायद्यानुसार नगर परिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. समितीला पत्र द्या आणि पोच घ्या.