फुरसुंगीचा फेणे: पुस्तकातला आणि पडद्यावरचा

प्रश्न (सोलापूर येथील वाचक): आठ आणि बारा वर्षांच्या मुलांसोबत ‘फास्टर फेणे’ चित्रपट पाहावा का? पुस्तकाशी त्याची तुलना कशी करावी?

उत्तर: भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला शाळकरी मुलगा आहे, तर आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 2017 च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. नायकाचे वय वाढवले की संकटाचे स्वरूपही बदलते, आणि म्हणूनच येथे परीक्षार्थीच्या संशयास्पद मृत्यूपासून सुरू होणारा गुन्हेशोध येतो, जो बारा वर्षांच्या मुलाला पेलेल, आठ वर्षांच्याला मात्र जड जाईल. धाकट्यासाठी त्या संध्याकाळी पुस्तकातली एखादी कथा मोठ्याने वाचणेच उत्तम.

माध्यमांतर, म्हणजे एका माध्यमातील कृती दुसऱ्या माध्यमात नेणे, तपासताना केवळ काय गाळले हे मोजू नये, काय जोडले आणि काय राखले हेही पाहावे. चित्रपटाने स्वतः भागवतांनाच पात्र केले (ही भूमिका दिलीप प्रभावळकरांची) आणि फेणेचे ‘ट्टॉक्’ही राखले, त्यामुळे आधी कथा वाचलेल्या मुलाला लेखक आपल्याच नायकाशी बोलताना दिसतो, ही एक वेगळीच गंमत आहे.