टीव्हीवरची अक्षरं धूसर दिसतात तेव्हा

लॅपटॉप टीव्हीला जोडल्यावर सिनेमा झकास दिसतो, पण एक्सेलमधले आकडे पुसट, कडा फुटलेल्या. केबलला दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. लॅपटॉपने पाठवलेला प्रत्येक पिक्सेल टीव्हीच्या एकाच पिक्सेलवर पडला, तरच अक्षर रेखीव उमटतं. वाटेत कुठेतरी चित्र ताणलं जातं आणि अक्षरं बिघडतात. ती जागा शोधायची.

समजा, विंडोज ११ चा फुल एचडी लॅपटॉप आणि ४३ इंची फोर-के टीव्ही आहे. आधी विंडोजची कळ आणि P दाबून Extend निवडा. Duplicate ठेवलंत तर दोन्ही पडद्यांना एकच रेझोल्यूशन मिळतं, बहुधा लॅपटॉपचं, आणि टीव्ही ते ताणून दाखवतो.

मग Settings, System, Display इथे जाऊन टीव्हीचा चौकोन निवडा आणि Display resolution ३८४० × २१६० करा. आता अक्षरं मुंगीएवढी होतील. इथेच बरेचजण रेझोल्यूशन पुन्हा खाली आणतात आणि धूसरपणा परत ओढवून घेतात. रेझोल्यूशनला हात लावू नका; त्याच पानावरचं Scale वाढवा. टेबलावर जवळ बसणार असाल तर १५० टक्के, सोफ्यावरून वाचायचं असेल तर २०० किंवा त्याहून जास्त.

एखादाच जुना प्रोग्राम धूसर राहिला, तर तो बंद करून पुन्हा उघडा. तेवढ्यानं भागलं नाही तर साइन आउट करून परत या.

सगळंच अजून मऊ दिसतंय? मग रिमोट हातात घ्या. कडेला टास्कबार कापला जात असेल तर टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा छाटतोय. चित्राच्या आकाराच्या मेनूत Just Scan, Screen Fit किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो लावा. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल तर शार्पनेस कमी करा.

शेवटची तपासणी रंगाची. वर्डमध्ये निळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहा. काळी अक्षरं ठीक पण ही चिकटलेली दिसली, तर टीव्ही रंगाची माहिती गाळतोय. सिनेमात ते कळत नाही, बारीक अक्षरांत लगेच कळतं. त्या एचडीएमआय इनपुटचा प्रकार किंवा नाव PC करा. पुष्कळ टीव्ही एवढ्याने सुधारतात. लॅपटॉपचं पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ चं असेल तर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मिळेल. माउस जरा अडखळेल, वाचायला मात्र चालतं.

३२ इंची एचडी रेडी टीव्हीचं गणित वेगळं. त्याचा पडदा बहुतेक वेळा १३६६ × ७६८ चा असतो. यादीत तो आकडा दिसला तर निवडा. नसेल तर १०८० किंवा ७२०, काहीही पाठवलं तरी टीव्ही ते आपल्या मापात बसवणारच. तिथे Scale वाढवून अक्षरं मोठी करणं, एवढाच उपाय उरतो.