‘नक्की ना?’ हा प्रश्न संपत का नाही




जोडीदाराकडून सतत खात्री करून घेणे म्हणजे उत्तर आधीच मिळालेला प्रश्न केवळ बेचैनी घालवण्यासाठी पुन्हा विचारणे. ‘रागावलास का?’, ‘आपलं सगळं ठीक आहे ना?’, ‘माझा कंटाळा तर नाही ना आला?’ हे त्याचे नेहमीचे शब्द. नात्यात असे प्रश्न अधूनमधून सगळेच विचारतात आणि त्यात वावगे काही नाही. साधा प्रश्न माहितीसाठी असतो. उत्तर मिळाले की तो संपतो. काळजीपोटी आलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. त्याला हवी असते उत्तर ऐकल्यावर मिळणारी स्वस्थता, आणि ती टिकत नाही म्हणून प्रश्न परत येतो.

हे कसे घडते ते एका नमुन्याच्या प्रसंगावरून पाहता येते. नवरा चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला आहे. रात्री साडेअकराला तो दमून घरी येतो आणि न बोलता जेवतो. बायकोच्या मनात येते, ‘हा माझ्यावर रागावलाय.’ ती विचारते, तो म्हणतो, ‘नाही गं, दमलोय.’ तिला एकदम हलके वाटते. अर्ध्या तासाने तिला आठवते की तो ‘नाही’ म्हणाला तेव्हा त्याने मान वर केली नव्हती. ती पुन्हा विचारते, ‘नक्की ना?’ या वेळचे समाधान दहा मिनिटे टिकते. तिसऱ्या वेळी तो वैतागून म्हणतो, ‘सांगितलं ना एकदा!’ या वैतागात तिला मूळ शंकेचा पुरावा मिळतो. पुढच्या पाळीला तो कामावर गेल्यावर ती त्याचे ‘लास्ट सीन’ पाहत बसते. रात्री उत्तर तीनदा मिळाले, तरी सकाळची शंका आदल्या रात्रीपेक्षा मोठी आहे.

याचे पहिले कारण शिकण्याच्या प्रक्रियेत आहे. एखाद्या कृतीने त्रास लगेच कमी झाला, तर तसाच त्रास पुन्हा झाल्यावर ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. भीती टाळण्याच्या सवयी अशाच सुटकेवर पोसल्या जातात, ही मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ओ. एच. मावरर यांनी १९४७ मध्ये केली. वरच्या प्रसंगात बायकोला दर वेळी ‘विचारले की सुटका होते’ हाच धडा मिळतो. सुटका काही सेकंदांत मिळते, नुकसान मात्र तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी दिसते. त्यामुळे मन कृतीची सांगड सुटकेशी घालते, नुकसानीशी घालत नाही. म्हणूनच विचारून काही उपयोग नाही हे पटलेला माणूसही पुन्हा विचारतो.

दुसरे कारण न घडलेल्या गोष्टीत आहे. बेचैनी चढते, काही काळ टिकते आणि बहुतेक वेळा काही न करताही उतरते. तिने विचारले नसते, तर ती शंका उराशी घेऊनच झोपली असती, आणि उत्तर न मिळताही रात्र निभते हे तिला सकाळी कळले असते. विचारल्यामुळे तो अनुभव हुकतो. बेचैनी ओसरल्याचे सगळे श्रेय उत्तराला जाते, आणि ‘याने सांगितले नसते तर मला सहन झाले नसते’ हा समज पक्का होतो. मूळ भीती तपासली न जाता जशीच्या तशी राहते.

तिसरे कारण स्मृतीशी संबंधित आहे. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या नेदरलँड्समधील संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी व्यक्तींना संगणकाच्या पडद्यावरील गॅसची शेगडी बंद झाली का, हे २० वेळा तपासायला सांगितले. शेवटच्या तपासणीची त्यांची आठवण प्रत्यक्षात बरोबर होती. पण ती अंधूक झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास घटला होता. वारंवार तपासल्याने शंका मिटण्याऐवजी आठवणीवरचा भरवसाच उडाला. नात्यातील प्रश्नालाही हे लागू पडते. पहिले ‘नाही गं’ कानात स्पष्ट राहते. एकाच रात्रीतल्या चौथ्या ‘नाही’चा सूर कसा होता, हे काही केल्या आठवत नाही. मग तो नीट ऐकण्यासाठी पाचव्यांदा विचारले जाते.

शिवाय या प्रश्नाला पूर्ण खात्रीचे उत्तर असूच शकत नाही. शेगडी निदान डोळ्यांनी पाहता येते. दुसऱ्याच्या मनात या क्षणी काय आहे आणि पाच वर्षांनी काय असेल, हे कोणत्याही शब्दाने सिद्ध होत नाही. शपथ घातली तरी ती मनापासून घेतली का, हा नवा प्रश्न उरतो. नात्यातला भरवसा वागण्यातून हळूहळू बसतो आणि त्यात थोडी अनिश्चितता कायम राहते. शंभर टक्के खात्री ही अट ठेवली की चांगले नातेही त्या अटीला उतरत नाही.

चौथे कारण जोडीदाराच्या प्रतिसादात आहे. जेम्स कॉइन यांनी १९७६ मध्ये नैराश्याच्या संदर्भात हे चक्र मांडले. व्यथित व्यक्ती आधार मागते, जवळची माणसे तो देतात, व्यक्तीला तो खरा वाटत नाही म्हणून ती अधिक मागते, आणि देणारे थकून दूर सरकू लागतात. तुटण्याच्या भीतीतून केलेली मागणी अशी तुटण्याकडेच ढकलते. जोडीदार उत्तर देतो तो प्रेमाने, कधी वाद नको म्हणून. पण दहा वेळा टाळून अकराव्या वेळी उत्तर दिले, तर सवय जास्तच चिवट होते, कारण ‘लावून धरले की मिळते’ हे त्यातून शिकले जाते.

चक्र तोडण्याची जागा यावरून ठरते. शंका मनात येणे हातात नसते, विचारणे हातात असते. लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मंत्रचळाच्या दोन रुग्णांवर केलेल्या उपचारांची नोंद प्रसिद्ध केली. भीतीला सामोरे जायचे आणि सुटकेची कृती मात्र होऊ द्यायची नाही, असे त्याचे स्वरूप होते. मंत्रचळावरील आजच्या मुख्य मानसोपचाराचा पाया तोच आहे. खात्री मागण्याच्या सवयीलाही हीच रीत पायरीपायरीने लावता येते.

पहिला आठवडा फक्त नोंद ठेवावी. मनात काय आले, काय विचारले, बेचैनी ० ते १० मध्ये किती होती आणि उत्तरानंतरचे समाधान किती वेळ टिकले, एवढे चार रकाने पुरतात. समाधानाची मिनिटे कागदावर दिसली की उत्तराची खरी किंमत कळते. मग दोघांनी शांत वेळ पाहून, भांडणाच्या भरात नव्हे, एक वाक्य ठरवावे. उदाहरणार्थ: ‘हा काळजीचा प्रश्न आहे. आपलं ठरलंय म्हणून उत्तर देत नाही, पण मी इथेच आहे.’ हे वाक्य दोघांच्या संमतीचे असले पाहिजे. नवऱ्याने एके दिवशी परस्पर उत्तर देणे बंद केले, तर ती शिक्षा ठरते.

त्यानंतर विचारणे लांबवावे. प्रश्न ओठांवर आला की आधी दहा मिनिटे थांबावे, ते जमू लागले की अर्धा तास, मग दुसऱ्या दिवसापर्यंत. थांबताना ‘तो रागावलेला नसणारच’ अशी मनाची समजूत घालू नये, कारण ती स्वतःच स्वतःला दिलेली खात्रीच असते. ‘रागावला असेल किंवा नसेल, आज रात्री मला कळणार नाही’ एवढेच म्हणून हातातले काम पुढे चालू ठेवावे. सोप्या प्रसंगांची सवय झाली की अवघड प्रसंग घ्यावेत: तो गप्प बसला आहे, निरोप वाचूनही उत्तर आलेले नाही, रात्रपाळीत फोन बंद आहे.

सुरुवातीला विचारण्याची ओढ वाढते. उपाय चुकल्याचे ते लक्षण नाही, मिळणारी सुटका थांबली की सवय काही काळ जोर करते. फसगत होते ती आडवाटांनी. तोंडाने विचारणे थांबते, पण ‘लास्ट सीन’ पाहणे, जुने संदेश चाळणे, मैत्रिणीला ‘तुला काय वाटतं?’ म्हणणे, तो मनवतो का हे पाहण्यासाठी रुसून बसणे किंवा त्याचे वाक्य मनात घोळवत राहणे सुरू होते. ही सगळी त्याच प्रश्नाची रूपे आहेत. केल्यावर क्षणभर हलके वाटते आणि लगेच पुन्हा करावेसे वाटते, ही त्यांची खूण. प्रगती शंका किती कमी आल्या यावरून मोजू नये. शंका असतानाही न विचारता किती वेळ राहता आले, यावरून मोजावी.

याचा अर्थ जोडीदाराकडे काही मागूच नये असा नाही. ‘आज मन अस्वस्थ आहे, जरा जवळ बस’ ही आधाराची मागणी आहे. तिच्यात भावना सांगितली जाते, निकाल मागितला जात नाही. असा आधार घ्यावा आणि जोडीदाराने तो मोकळेपणाने द्यावा.

या रीतीला मर्यादाही आहेत. जोडीदार खरोखर खोटे बोलतो, धमकावतो, मारहाण करतो, पैसे अडवून ठेवतो किंवा माणसांपासून तोडतो, तिथे शंका ही सवय नसते, तो इशारा असतो. तिथे शंका सोसायची नसते, मदत घ्यायची असते. तसेच असे विचार आणि तपासणी यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, झोप किंवा काम बिघडत असेल, तर ते मंत्रचळ, चिंताविकार किंवा नैराश्य असू शकते. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला भेटावे. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. मरावेसे वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये.

बाकी वेळी उपायाची सुरुवात लहानच असावी. पहिल्या दिवशी एक प्रश्न दहा मिनिटे न विचारता ठेवला, तरी त्या दिवसापुरते पुरे.