पांढरा टॅग, लाल टॅग

चि. सागर,

परवा तू फोनवर म्हणालास, "मामा, मी तिच्यासाठी एवढं करतो आणि ती माझ्यावरच चिडते." तेव्हा मी विषय बदलला. आता लिहितो.

सूनबाईच्या पीएफचंच घे. भोसरीची नोकरी सोडून ती चाकणला लागली. जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरली नाही, म्हणून जुने पैसे अडकले. तू अर्धी रजा टाकून त्याच्याशी भांडून आलास. तिचा पासवर्डही तुझ्याच मोबाइलमध्ये. अरे, शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ती तारीख सभासदाला स्वतः पोर्टलवर `Mark Exit` मध्ये भरता येते. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तिने एकदा चुकतमाकत भरली असती, तर पुढच्या वेळी तुझी गरज पडली नसती. तुला नेमकं तेच नको आहे का, हे स्वतःला विचार.

शिफ्ट बदलून मिळावी म्हणून तिच्या सुपरवायझरला तूच फोन केलास. शिफ्ट बदलली, पण लाइनवर ती 'नवऱ्याला पुढे करणारी' ठरली. चिडणार नाही तर काय करेल?

तुमच्याकडे जेएच असेलच. मशीनवर दोष दिसला की ऑपरेटर टॅग लावतो: स्वतःला जमेल त्याला पांढरा, मेंटेनन्सचं काम असेल त्याला लाल. मी मेंटेनन्सला होतो. नट सैल झाला तरी धावत जायचो. ऑपरेटर खूश, मीही खूश. मग एका रात्रपाळीला मी नव्हतो आणि साध्या सेन्सरवरच्या धुळीने लाइन दोन तास बंद राहिली. सकाळी मी त्या ऑपरेटरलाच झापलं.

हाच फेरा घरात फिरतो. कार्पमन नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८मध्ये त्याचा त्रिकोण मांडला: तारणहार, छळणारा, बिचारा. आज तू तारणहार, उद्या "तुला एवढंही जमत नाही?" म्हणून छळणारा, परवा "माझी कदरच नाही" म्हणत बिचारा. परवाचा तुझा फोन हा तिसरा कोपरा होता.

मलाही हे उशिराच कळलं. माझ्या बायपासच्या वेळी तुझी मामी एटीएमसमोर कार्ड घेऊन उभी होती. पिन तिला ठाऊक नव्हता, कारण तीस वर्षं बँक मीच पाहिली. घरी आल्यावर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मला वाटलं, दमली असेल.

तेव्हा पासवर्ड तिला देऊन टाक, तिलाच बदलू दे. ती अडचण सांगेल तेव्हा आधी विचार, "ऐकू, की काही करू?" नुसतं ऐक म्हणाली, तर हात खिशात. पहिले काही दिवस ती गोंधळेल, एखादा दंड बसेल, आणि "आता माझी काळजी नाही वाटतं" असंही म्हणेल. तेव्हा घाईने हात पुढे करू नकोस, पण तुटकपणेही वागू नकोस. आजारपण, अपघात, कुणी त्रास देत असेल, तर तो लाल टॅग. तिथे धावच.

मामी हे पत्र वाचून हसते आहे. लिफाफा पोस्टात टाकायला ती निघाली आहे. वीजबिलही तीच भरून येणार.

तुझा,
मामा